बाळाचं तोंड आलंय? थ्रशचं औषध दुधाच्या वेळा सांभाळून कसं द्यायचं

माझी मुलगी सात आठवड्यांची होती. मे महिना, नागपूरचं ऊन, कूलर दिवसभर चालू. तिच्या जिभेवर पांढरा थर दिसला. आई म्हणाली, "काही नाही वं, दुधाचाच थर आहे तो. ओल्या फडक्यानं पूस." मी पुसलं, जिभेवरचं थोडं गेलं. पण दोन दिवसांनी गालाच्या आतही दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके दिसले आणि ती दूध पिताना मध्येच तोंड सोडून रडायला लागली. तो थ्रश होता, म्हणजे कँडिडा नावाच्या बुरशीमुळे आलेलं तोंड.

औषध साधं होतं, दिवसातून चार वेळा द्यायचे थेंब. तरीही आमचं एक महिन्याहून जास्त लांबलं, कारण मी औषध चुकीच्या वेळी देत होते आणि फार लवकर बंद केलं. नेमकं तेच तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. ते घरी नीट कसं द्यायचं, ते इथे वाचा.

१. आधी खात्री करा: दूध की थ्रश?

दूध पाजल्यावर लगेच बघू नका, तासभर जाऊ द्या. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, थेट डोळ्यांवर नको. दुधाचा थर बहुतेक फक्त जिभेवर असतो आणि ओल्या, स्वच्छ, मऊ कापडाने हलकेच पुसला की निघतो. थ्रश गालाच्या आत, हिरड्यांवर, ओठाच्या आतल्या बाजूला, टाळूवरही असतो आणि सहज निघत नाही. जोर लावून खरवडलं तर खाली लालभडक कातडी दिसते, कधी रक्तही येतं. म्हणून एकदा हलकेच पुसून बघा आणि थांबा.

टाळूच्या मधोमध मोत्यासारखे छोटे कडक पांढरे दाणे दिसले तर घाबरू नका. नवजात बाळांमध्ये ते असतात आणि आपोआप जातात. माझ्या नणंदेने याच दाण्यांसाठी घरात पडलेलं औषध आठवडाभर लावलं होतं.

२. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

- माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात जन्माचं वजन असतं, आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर तेही कळतं. थ्रशसाठी तोंडात लावायचं एक जेल असतं, त्याच्या बाबतीत याने फार फरक पडतो.
- बाळाला किंवा आईला नुकतंच अँटिबायोटिक दिलं असेल तर त्याची चिठ्ठी. अशा औषधांनंतर थ्रश होण्याचं प्रमाण वाढतं.
- बाळाला चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, विशेषतः झटक्यांची.
- गालाच्या आतला एक स्पष्ट फोटो. दवाखान्यात बाळ तोंड उघडेलच असं नाही.
- दिवसभरात किती वेळा लघवी झाली, याचा अंदाज.

घरी लागणाऱ्या वस्तू थोड्याच: सुई नसलेली १ मिलीची सिरिंज (औषधाच्या दुकानात "तोंडाने औषध द्यायची सिरिंज" म्हणून मागा), टॉर्च, मऊ सुती कापड आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

३. हातात आलेलं औषध नेमकं कोणतं, ते वाचा

आपल्याकडे बहुतेक वेळा तीनपैकी एक लिहून देतात.

पहिलं, निस्टॅटिनचे थेंब. बाटलीवर दर मिलीला १,००,००० युनिट असं लिहिलेलं असतं. लहान बाळांसाठी नेहमीचा डोस १ मिली, दिवसातून ४ वेळा. काही डॉक्टर थोड्या मोठ्या बाळाला २ मिलीही लिहितात. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, त्यामुळे बाळाने गिळलं तरी काळजी नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की जिथे ते टेकतं तिथेच काम करतं. डोस वजनावर फारसा का ठरत नाही, तेही यातून कळतं.

दुसरं, क्लोट्रिमॅझोलचं १ टक्क्याचं माउथ पेंट. ते काही थेंब बोटावर किंवा कापसाच्या काडीवर घेऊन ठिपक्यांवर लावायचं असतं, साधारण दिवसातून ३ ते ४ वेळा. इथे एक मोठा सापळा आहे. क्लोट्रिमॅझोलचं कानात घालायचं औषध आणि त्वचेचं लोशनही मिळतं, आणि बाटल्या दिसायला जवळपास सारख्या असतात. लेबलवर "माउथ पेंट" लिहिलंय का, ते दुकानातच वाचा.

तिसरं, मायकोनॅझोलचं जेल, २ टक्क्यांचं. ते ठिपक्यांना चिकटून राहतं. १९९७ मध्ये बाळांवर झालेल्या एका तुलनेत त्याने निस्टॅटिनपेक्षा लवकर आणि जास्त जणांना बरं केलं होतं. पण घट्टपणामुळेच ते लहान बाळाच्या घशात अडकू शकतं. म्हणून ४ महिन्यांच्या आतल्या बाळाला ते सहसा देत नाहीत, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा गिळण्यात मागे असलेल्या बाळाच्या बाबतीत ५-६ महिन्यांपर्यंत थांबतात. ४ महिने ते २ वर्षांपर्यंतच्या बाळाला नेहमीचा डोस दर वेळी १.२५ मिली, म्हणजे ५ मिलीच्या चमच्याचा पाव भाग, दिवसातून ४ वेळा. त्यापेक्षा लहान बाळाला डॉक्टरांनी विचार करून जेल दिलंच असेल तर मात्रा आणि पद्धत त्यांच्याकडून नीट समजून घ्या. हे जेल थोडं रक्तात जातं आणि काही औषधांशी त्याचा संबंध येतो. चालू औषधांची यादी न्यायला सांगितलं ते यासाठीच.

आमच्या सोसायटीतल्या एका घरी अडीच महिन्यांच्या बाळासाठी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय जेल आणलं गेलं. चमच्याने एकदम घशाकडे घातलं, बाळ निळं पडलं. आजोबांनी त्याला उपडं करून पाठीवर थापट्या मारल्या म्हणून वाचलं. लहान बाळासाठी जेल स्वतःहून आणू नका.

४. दूध आधी, औषध नंतर

मी इथेच चुकले. माझा हिशेब असा होता की पोट रिकामं असलं की औषध जास्त लागू पडेल, म्हणून मी दूध पाजायच्या आधी थेंब घालायची. चौथ्या-पाचव्या दिवशीही फरक नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "ताई, दूध आधी देता की औषध?" मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ते सगळं दुधाबरोबर धुऊन पोटात जातंय. पोटात त्याचं काही काम नाही."

हे औषध पोटातून नाही, तोंडातल्या कातडीवर राहून काम करतं. म्हणून दूध झाल्यावर द्यायचं आणि नंतर जितका वेळ तोंडात काही जाणार नाही तितका चांगला. निस्टॅटिननंतर निदान ५ ते १० मिनिटं दूध देऊ नका, अर्धा तास जमला तर उत्तम. पाण्याचा चमचा, ग्राइप वॉटर, घुट्टी, तोंडात बोट, चोखणी यातलं काहीच या वेळात नको.

दूध झाल्याबरोबर लगेच नको. आधी खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि थोडा वेळ बाळाला सरळ धरा. भरल्या पोटी तोंडात काही चिकट गेलं की काही बाळं सगळं दूध उलटून टाकतात. उलटी झालीच, तर औषध तोंडातून वाहून गेलेलं असतं. ते पुन्हा द्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

खरी अडचण ही की सात आठवड्यांचं बाळ दूध पिता पिता झोपतं. झोपलेल्या बाळाच्या तोंडात थेंब किंवा जेल कधीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी असं केलं. दिवसातली ज्या चार वेळांची दुधं ती जागेपणी प्यायची, ती निवडली: सकाळी ७ च्या सुमाराचं, अंघोळीनंतरचं ११ चं, संध्याकाळी ५ चं आणि रात्री १० चं. दूध झालं, ढेकर निघाला की लंगोट बदलायची. त्या हालचालीने ती जागी व्हायची आणि मग औषध. काटेकोर सहा-सहा तासांचं अंतर लागत नाही, दिवसभरात साधारण सारखं विभागलं तरी चालतं. रात्री उठवून औषध देण्याची गरज आम्हाला पडली नाही.

एखादी वेळ चुकली तर आठवलं की पुढच्या दुधानंतर द्या. भरपाई म्हणून दुप्पट देऊ नका.

५. प्रत्यक्ष द्यायची रीत

साबणाने हात धुवा, नखं कापलेली असू द्या. थेंबांची बाटली असेल तर चांगली हलवा, औषध खाली बसलेलं असतं. माझी पहिली बाटली मी दोन दिवस न हलवताच वापरली, म्हणजे वरचं पातळ पाणीच तिच्या तोंडात गेलं असणार.

मग सिरिंजमध्ये बरोबर १ मिली घ्या. "एक थेंब", "एक ड्रॉपर" आणि "१ मिली" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉपरवर खूण नसेल तर त्यावर विसंबू नका. चिठ्ठीवर नुसतं "ड्रॉप्स ४ वेळा" लिहिलं असेल तर किती मिली, ते विचारून त्यावरच लिहून घ्या.

बाळाला आडवं झोपवू नका. डाव्या हाताच्या कोपराच्या वळणात डोकं उंच राहील असं धरा. अर्धा मिली उजव्या गालात, अर्धा मिली डाव्या गालात, हळूहळू, दोन-तीन वेळात सोडा. मध्ये बाळाला गिळू द्या. सिरिंजचं टोक गाल आणि हिरडी यांच्या मधल्या जागेत हवं, घशाच्या दिशेने नाही. मग स्वच्छ बोटाने किंवा बोटाला गुंडाळलेल्या कापडाने ते ठिपक्यांवर हलकेच फिरवा. जिभेच्या मागच्या भागाला हात लावू नका, ओकारी येते.

जेल असेल तर १.२५ मिली एका वेळी कधीच नाही. बोटाच्या टोकावर वाटाण्याहून लहान ठिपका घ्या, तोंडाच्या पुढच्या भागात, गालावर लावा, बाळाला गिळू द्या, मग पुढचा. एक डोस पूर्ण व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. घाई नसेल तेव्हाच बसा.

बाळाला ठसका लागला, खोकता किंवा रडता येत नसेल, रंग बदलत असेल तर त्याला पुढच्या हातावर उपडं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ वेळा ठामपणे मारा. मोकळं झालं नाही तर सरळ करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी ५ वेळा दाबा, पुन्हा पाठीवर ५. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ लावायला सांगा. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने शोधू नका.

६. किती दिवस? डाग गेले म्हणजे संपलं नाही

पहिल्या फेरीत वेळ सुधारल्यावर तीन दिवसांत तोंड गुलाबी झालं आणि मी औषध बंद केलं. नवव्या दिवशी ठिपके परत. दिसणारा पांढरा थर गेला तरी बुरशी कातडीवर शिल्लक असते, आणि ती तिथूनच पुन्हा वाढते.

नियम असा की निस्टॅटिन सर्वसाधारणपणे ७ दिवस देतात, आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही ४८ तास चालू ठेवतात. मायकोनॅझोल जेल तर ठिपके गेल्यावर निदान ७ दिवस चालू ठेवायचं असतं. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

आमची दुसरी फेरी कॅलेंडरवर अशी झाली. सोमवारी सकाळी ७ ला पहिला डोस. रोज संध्याकाळी दूध झाल्यावर तासाने टॉर्चने बघायचं आणि "गाल", "जीभ" अशी नोंद. बुधवारी जीभ साफ. शनिवारी संध्याकाळी डाव्या गालात एकच ठिपका. रविवारी संध्याकाळी काहीच नाही. त्या रात्री सात दिवस भरले होते, पण ठिपका जाऊन ४८ तास झाले नव्हते. म्हणून सोमवार आणि मंगळवारही दिलं आणि मंगळवारी रात्री १० च्या डोसनंतर थांबवलं. एकूण ९ दिवस, रोज ४ मिली, म्हणजे ३६ मिली. बाटली ३० मिलीची असेल तर ती आठव्या दिवशी मधेच संपते. आमची तशीच संपली. दुसरी आधीच आणून ठेवा, नाहीतर औषध संपलं म्हणून कोर्स तुटतो.

जेलच्या बाबतीत हा सापळा आणखी मोठा. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये जेमतेम १२ मिलीच्या आसपास जेल असतं आणि दिवसाला ५ मिली लागतं. म्हणजे अडीच दिवसही पुरत नाही. एक ट्यूब म्हणजे एक कोर्स असं समजून थांबलेले पालक मी पाहिले आहेत.

आपल्या उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. लेबलवर साठवणीचं तापमान लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात दुपारी घरातल्या कपाटातही त्याहून जास्त असतं. खिडकीत, गाडीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर बाटली नको. फ्रिजच्या दारात ठेवली तर चालेल का, हे लेबल वाचून दुकानदाराला विचारा. बर्फाच्या कप्प्यात नको.

७. आईचं आणि बाटल्यांचं औषध त्याच दिवशी सुरू

मला स्तनाग्रांना चकाकणारी लाली होती आणि दूध पाजल्यावरही आग होत राहायची. पहिल्या वेळी मी ते डॉक्टरांना सांगितलंच नाही. बाळ बरं झालं, पण माझ्याकडून बुरशी पुन्हा तिच्या तोंडात गेली. आईला त्रास असेल तर दोघींचं एकाच वेळी करायचं. मला मायकोनॅझोलची त्वचेवर लावायची २ टक्क्यांची क्रीम दिली होती. दूध पाजून झाल्यावर पातळ थर लावायची आणि पुढच्या दुधाआधी वर काही दिसत असेल तर ओल्या कापडाने हलकेच पुसायची. तोंडाचं जेल स्तनाग्रावर लावून बाळाला चाटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने घसा बंद होण्याचा धोका असतो.

दूध पाजणं थांबवायची गरज नाही. मात्र थ्रश असताना काढलेलं दूध डीप फ्रीजमध्ये साठवू नका, कारण गोठवल्याने बुरशी मरत नाही.

बाटलीची निप्पल, चोखणी, बोंडलं, वाटी-चमचा आणि औषधाची सिरिंज गरम पाण्याने धुवा. जे उकळता येतं ते रोज १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. सिरिंज काही दिवसांनी बदला.

लंगोटाच्या जागी, विशेषतः मांडीच्या घड्यांत, लालभडक चट्टा आणि भोवती छोटे लाल ठिपके असतील तर तीही हीच बुरशी असू शकते. तिला वेगळी क्रीम लागते, तोंडाचं औषध तिथे लावायचं नाही. डॉक्टरांना दाखवा.

८. घरातल्या मोठ्यांना काय सांगायचं

टाकणखाराची लाही मधात कालवून लावणं अनेक घरांत चालतं. माझ्या सासूबाईंनीही ती काढून ठेवली होती. मी त्यांना शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे स्नायू लुळे पडणारा गंभीर आजार होऊ शकतो. आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यातलं बोरॉन बाळाच्या शरीरात साठतं. ब्रिटनमध्ये चोखणीला बोरॅक्स आणि मध लावलेल्या बाळांना झटके आल्याची नोंद १९८३ मध्ये झाली आहे. हे ऐकल्यावर त्यांनी स्वतः ती डबी उचलून ठेवली. बोरोग्लिसरीनलाही हेच कारण लागू होतं.

जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, काही जण अजून आणतात. त्याने तोंडाच्या आत फोड येऊ शकतात आणि रंग चढल्यावर ठिपके गेले की नाही ते कळतही नाही. मी ते वापरलं नाही.

९. पुन्हा दवाखान्यात कधी

बाळ दूध ओढतच नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, सुस्त वाटत असेल, तर त्याच दिवशी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप असेल तर रात्र असली तरी लगेच. नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर, जे जवळ असेल तिथे.

नीट वेळेवर देऊनही सात दिवसांत फरक नसेल, तर औषध बदलायला लागू शकतं. कधी कधी पोटात घ्यायचं फ्लुकोनॅझोल देतात. ते वजनावर मोजून दिलं जातं आणि फक्त डॉक्टरच ठरवतात. थ्रश वारंवार होत असेल, किंवा बाळ नऊ-दहा महिन्यांचं होऊनही पुन्हा पुन्हा येत असेल, तर प्रतिकारशक्ती तपासायची का, हे स्पष्ट विचारा.

बाटली उघडल्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. कोर्स संपला की उरलेलं पुढच्या बाळासाठी किंवा शेजाऱ्यांसाठी ठेवू नका. आमची बाटली मंगळवारच्या रात्रीच टाकून दिली, आणि कॅलेंडरवरचा "गाल साफ" हा शेरा पुढे दोन आठवडे रोज संध्याकाळी टॉर्चने तपासत राहिले.